छापील शपथ, हाताची नोंद

अमेरिकेत १९०६च्या कायद्याने नागरिकत्वाच्या कागदपत्रांचे नमुने देशभर एकसारखे झाले. त्यांतील पहिला कागद ‘डिक्लरेशन ऑफ इंटेन्शन’. त्यात आपण अराजकवादी नाही, बहुपत्नीत्व मानत नाही, असे अर्जदार सांगतो. छायाचित्रावरून नक्कल करणारा हे त्याचे मनोगत समजला, की चूक झालीच. ती वाक्ये छापील आहेत आणि प्रत्येक अर्जावर तीच आहेत. अर्जदाराची स्वतःची माहिती रिकाम्या जागांत येते: नाव, वय, धंदा, उंची, जन्मगाव.

मूळ कागदावर शाईचा रंग हा भेद दाखवतो. कृष्णधवल छायाचित्रात तो हरवतो. अशा वेळी त्याच आवृत्तीचा दुसरा भरलेला अर्ज शेजारी ठेवावा. दोन्हींत त्याच जागी, त्याच वळणाचे जे दिसते ते बहुधा छापील असते. खालच्या तारखेत मात्र फसगत होते: ‘१९’ छापलेले आणि पुढचे ‘१२’ हाताचे असते. नक्कल करताना छापील भाग चौकटी कंसात घालून [१९]१२ असे लिहावे.

या कसोटीलाही मर्यादा आहे. हिंदुस्थानातून गेलेल्या अर्जदाराला ब्रिटनच्या राजाची निष्ठा सोडावी लागे. राजाचे नाव कारकुनाने टंकलेखनाने किंवा रबरी शिक्क्याने भरले असेल, तर ते अनेक अर्जांवर सारखेच दिसते, तरी ती नोंदच असते. अक्षरे किंचित तिरपी असतील किंवा रिकाम्या जागेच्या रेघेवर चढली असतील, तर ती मागाहून उमटवलेली समजावीत.