चेपलेल्या पेट्यांची तक्रार

मालाच्या पुठ्ठ्याच्या पेट्या चेपलेल्या अवस्थेत पोहोचल्यास खरेदीदार पुरवठादाराला फोटोंसह लेखी कळवतो आणि बदली माल मागतो, ती ही तक्रार. पेटी चेपली एवढे सिद्ध करणे सोपे असते. ती पॅकिंगच्या दोषाने चेपली की वाटेतल्या हाताळणीने, यावर वाद होतो आणि बदली माल कोण देणार हेही बरेचदा त्यावरच ठरते.

दोष कोणाचा, हे पेटीवरच्या खुणा बऱ्याच अंशी सांगतात. उभ्या बाजूंना आडवी घडी पडून पोट बाहेर आले असेल, तर वरून भार आला असे समजावे. एकच कोपरा आत गेला असेल, तर पेटी आपटली. तळ मऊ पडून डाग दिसत असेल, तर पाणी लागले. पुठ्ठ्याच्या पेटीचा भार मुख्यतः चार कोपरे पेलतात. पेट्या कोपऱ्यावर कोपरा न ठेवता विटांसारख्या सांधा मोडून रचल्या, तर तो भार खालच्या पेटीच्या कमकुवत मध्यावर जातो. पावसाळी दमट हवेत पुठ्ठा आणखी ढिला पडतो. म्हणून एकट्या चेपलेल्या पेटीच्या जवळून घेतलेल्या फोटोपेक्षा, माल उतरवण्यापूर्वी गाडीतली थप्पी दाखवणारा फोटो अधिक कामाचा. नेमका तोच काढायचा राहून जातो, कारण हमाल तोवर कामाला लागलेले असतात.

उदाहरणादाखल, सांगलीच्या एका लोणचे उत्पादकाने फिरोजाबादहून काचेच्या रिकाम्या बरण्या मागवल्या असे समजू. ६० पेट्या, पेटीत २४ बरण्या, दर बरणीला २२ रुपये. गाडीतल्या थप्पीच्या तळच्या रांगेतल्या ९ पेट्या पोट सुटलेल्या निघाल्या. पोचपावतीवर नुसती सही न करता त्याने बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर लिहिले : ‘९ पेट्या चेपलेल्या, आतून काचेचा आवाज, तपासणी बाकी’, आणि चालकाची सही घेतली. ‘माल बरोबर मिळाला’ अशी कोरी सही केली असती, तर ट्रान्सपोर्टवाल्याने तीच पुढे केली असती.

मग प्रत्येक पेटीचे फोटो काढले : आधी लेबल व बॅच क्रमांकासह बंद पेटी, मग वरून उघडलेली, मग फुटलेली बरणी. ७ पेट्यांत फूट होती, २ पेट्या फक्त चेपलेल्या होत्या. त्या दोन्हींतला माल शाबूत असल्याने तो ठेवून घेतला. दबलेला पुठ्ठा हे बदली मालाचे कारण होत नाही, माल त्याच पेटीतून विकायचा असेल तर गोष्ट वेगळी. उरलेल्या ७ पेट्यांतल्या न फुटलेल्या बरण्याही त्याने नाकारल्या. उघड्या तोंडाच्या बरणीत शेजारच्या काचेची कपची गेली असेल, तर ती लोणच्यात जाईल. मागणी झाली १६८ बरण्यांची, म्हणजे करवजा ३,६९६ रुपयांच्या मालाची. सरसकट ९ पेट्या मागितल्या असत्या, तर खऱ्या ७ पेट्यांवरही पुरवठादाराने शंका घेतली असती.

पत्रात बिल क्रमांक, बिल्टी क्रमांक, पोहोचल्याची तारीख, पेटीनिहाय फूट आणि स्पष्ट मागणी असावी : किती माल, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या भाड्याने. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून काढल्याची वेळ व इतर तपशील निघून जातात. मूळ फोटो फोनमध्ये राहू द्यावेत आणि ईमेलला जोडावेत. फुटका माल पुरवठादाराचे उत्तर येईपर्यंत टाकू नये.

मालविक्री अधिनियम, १९३० नुसार तपासणीची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने माल स्वीकारला असे धरत नाहीत. पण वाजवी मुदत उलटूनही नकार कळवला नाही, तर स्वीकारला असे समजतात. रीतसर नाकारलेला माल परत पोहोचवण्याची जबाबदारी, वेगळे ठरले नसल्यास, खरेदीदारावर नसते. करारात माल खरेदीदाराच्या दारात पोच करून द्यायचा असेल, तर वाटेतली फूट पुरवठादाराच्या अंगावर येते. ‘गोडाऊनमधून उचल’ असा व्यवहार असेल, तर ट्रान्सपोर्टच्या हाती माल दिला की तो सहसा खरेदीदाराला दिला असे मानतात. अशा वेळी पुरवठादाराकडून बदली माल मिळवायचा, तर पॅकिंग कच्चे होते हे दाखवावे लागते.

लहान फूट बहुतेक पुरवठादार पुढच्या ऑर्डरमध्ये जिरवतात. हिशेबाला मात्र क्रेडिट नोट आणि नवे बिल हा मार्ग स्वच्छ. वाहतूकदारावर दावा लावण्याची पाळी आली, तर रस्ता मालवाहतूक अधिनियम, २००७ नुसार आधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक झाल्यापासून १८० दिवसांच्या आत. पुरवठादाराशी बोलणी चालू असली तरी ही मुदत थांबत नाही, म्हणून दोन्ही पत्रे एकाच दिवशी पाठवावीत.