अकरा मिलिग्रॅमचा फरक

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या जर्नलात शेवटी एक प्रश्न असायचा: 'प्रयोगातील त्रुटींचे स्रोत सांगा.' त्याखाली मी दरवेळी एकच उत्तर लिहायचो, 'मानवी चूक.'

एकदा कॉस्टिक सोड्याचं टायट्रेशन होतं. उत्तर 10.0 मिली यायला हवं होतं. माझी तिन्ही रीडिंग 10.6 आली. तिन्ही सारखी, म्हणजे बरोबरच, असं मी धरून चाललो. सरांनी वहीत लिहिलं, 'ब्युरेटचा हिशेब कर.' ब्युरेट दोनदा वाचतो, दरवेळी 0.05 इकडेतिकडे. म्हणजे फार तर 0.1 मिली, एक टक्का. माझा फरक होता सहा टक्के. एवढी चूक ब्युरेटच्या माथी मारता येत नव्हती.

पुढे लॉर्ड रॅलेची गोष्ट वाचली, तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ लागला. 1892 साली ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतला ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन त्यांच्या काचेच्या गोळ्यात सुमारे 2.310 ग्रॅम भरायचा. रासायनिक संयुगांपासून बनवलेला मात्र सुमारे 2.299 ग्रॅम. फरक जेमतेम 11 मिलिग्रॅमचा. पण एकाच पद्धतीने पुन्हापुन्हा केलेल्या वजनांत इतका फरक पडत नव्हता. म्हणजे तराजू निर्दोष होता. गडबड गोळ्यातल्या वायूत होती.

रॅलेंनी फरक झाकला नाही, उलट वाढवून पाहिला. सुरुवातीला त्यांच्या 'रासायनिक' नायट्रोजनचा थोडाच भाग अमोनियातून येत होता आणि फरक हजारात एक होता. सगळा नायट्रोजन अमोनियातून मिळवला, तर तो दोनशेत एक झाला. मग एकेक संशयित तपासला. हलक्या वायूत हायड्रोजन उरलाय का? त्यांनी मुद्दाम जड वायूत हायड्रोजन मिसळला. शुद्धीकरणात तो निघून गेला, वजन बदललं नाही. तो संशय फिटला.

मग उरला एकच प्रश्न: हवेतल्या नायट्रोजनमध्ये काही जड मिसळलंय का? विल्यम रॅम्झींनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून तो वायू पुन्हापुन्हा नेला. मॅग्नेशियमने नायट्रोजन शोषला, थोडासा वायू मागे राहिला. तो ऑरगॉन. 1785 साली कॅव्हेंडिशच्या नळीतही असाच एक न विरघळणारा बुडबुडा उरला होता.

माझ्या 10.6 मध्ये नवा वायू नव्हता. कॉस्टिक सोडा हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो. तराजूवर चार ग्रॅम भरले तरी खरा सोडा कमीच असतो. ऑक्झॅलिक आम्लाने तपासल्यावर द्रावण पातळ निघालं. तिन्ही रीडिंग सारखी होती, कारण तिन्ही त्याच पातळ द्रावणाची होती. त्याच बाटलीतून शंभर रीडिंग घेतली असती, तरी ते कळलं नसतं.

'मानवी चूक' खोडून मी वहीत एवढंच लिहिलं.