कलाटणीची कुळकथा

चौदा ओळींचे सुनीत वाचताना आठव्या ओळीअखेर क्षणभर थांबावे आणि पुढच्या सहा ओळी हाताने झाकाव्यात. कवी आतापर्यंत काय म्हणाला, ते आपल्या शब्दांत एका वाक्यात सांगून पाहावे, आणि मगच हात काढावा. सुनीत चांगले असेल, तर नवव्या ओळीच्या आसपास ते वाक्य जसेच्या तसे टिकत नाही. याच जागेला मराठी समीक्षेत कलाटणी म्हणतात.

कलाटणीचा जन्म इटलीच्या दक्षिणेला, सिसिली बेटावरच्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात झाला. काळ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्या दरबारात जाकोमो दा लेंतिनी नावाचा एक नोटरी होता, आणि सुनीताचा जनक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. तिथल्या लोकगीतांत आठ ओळींचे एक कडवे रूढ होते. त्याच्या यमकांच्या जोड्या आलटूनपालटून येत आणि आठव्या ओळीला गाणे पुरे होई. जाकोमोने तसल्या कडव्याला वेगळ्या यमकांच्या सहा ओळी जोडल्या, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो, कारण सुनीताचे सगळे मर्म त्या विषम जोडात आहे. आठाला आठ जोडले असते तर दोन सारखी कडवी झाली असती आणि दुसऱ्याने पहिल्याचीच री ओढली असती. उत्तराला प्रश्नापेक्षा कमी जागा मिळाली, यमकेही बदलली, त्यामुळे कवीला बोलण्याची दिशा बदलणे भागच पडले. पहिला भाग अष्टक, दुसरा षट्क, आणि कलाटणी त्या दोहोंच्या सांध्यात.

प्रेमकवितेला हा सांधा फार मानवला. चौदाव्या शतकात पेत्रार्काने लॉरा या स्त्रीवर आयुष्यभर कविता लिहिल्या. त्याच्या संग्रहातल्या 366 कवितांपैकी 317 सुनीते आहेत. प्रेमात पडलेल्या माणसाचे म्हणणे सहसा सरळ नसते. ती निष्ठुर आहे असेही त्याला म्हणायचे असते आणि तिच्याशिवाय जगणे नको असेही. दोन्ही एका दमात म्हटले तर नुसता आक्रोश होतो. अष्टकात एक बाजू नीट मांडायची आणि षट्कात तिला उत्तर द्यायचे, अशी सोय झाली की त्या भावनेला युक्तिवादाची शिस्त येते.

सोळाव्या शतकात टॉमस वायटने हा घाट इंग्रजीत नेला. इटालियनमध्ये यमके मुबलक, इंग्रजीत त्या मानाने तुटपुंजी. म्हणून इंग्रज कवींनी चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी दोन ओळींचे जोडयमक अशी वेगळी वाटणी केली. शेक्सपिअरची 154 सुनीते 1609 मध्ये छापली गेली, ती बहुतांशी याच वाटणीची आहेत. तरीही कलाटणीची जुनी जागा त्याने सोडली नाही. प्रेयसाची उन्हाळ्याच्या दिवसाशी तुलना करणाऱ्या अठराव्या सुनीतात ती नवव्या ओळीलाच येते. एकशेतिसाव्यात मात्र बारा ओळी प्रेयसीच्या रूपातली उणी दाखवण्यात जातात आणि सगळे पारडे शेवटच्या दोन ओळींत फिरते.

मराठीत पहिले सुनीत केशवसुतांचे, 'मयूरासन आणि ताजमहाल'. साल 1892. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांचा चौदा ओळींच्या कवितांचा संग्रह त्याआधी, 1866 मध्ये आला होता. केशवसुतांनी निवडलेला विषयच या रचनेला किती साजेसा आहे, हे शीर्षकावरून कळते. दोन्ही वस्तू एकाच बादशहाच्या. एक सत्तेचे आसन, दुसरी पत्नीची कबर. मयूरासन 1739 मध्ये नादिरशहाने लुटून नेले, ताजमहाल जागच्या जागी राहिला. दोन गोष्टी समोरासमोर ठेवून एकीने दुसरीचे मोल बदलायचे, हे सुनीताचे कामच आहे.

पुढे 1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने हा प्रकार घरोघर नेला. माधव जूलियनांनी 'तुटलेले दुवे' ही सुनीतांची मालाच लिहिली. सुनीतासाठी मराठी कवींनी शार्दूलविक्रीडित पुष्कळ वापरले. एका ओळीत एकोणीस अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती, एवढी ऐसपैस ओळ असल्यामुळे तिच्यात युक्तिवाद मांडता येतो. नंतर विंदा करंदीकरांनी मुक्तसुनीत लिहिले आणि वृत्ताचे बंधन सुटले. वृत्त सुटले तरी वळण सुटले नाही, यावरून सुनीताचा कणा कोणता ते लक्षात येते.

आता एक सुनीत ओळीओळीने पाहू. ते या लेखासाठीच जुळवले आहे. ओळ चौदा अक्षरांची, आठव्या अक्षरावर थांबा. बोलणारा चाकणच्या कारखान्यात तिसऱ्या शिफ्टला जातो, बायको भोसरीत पहिल्या शिफ्टला.

तू निघतेस सकाळी, मी परत येतो;
जिन्यात भेट होते ती दोन मिनिटांची;
भोसरीची तुझी गाडी, माझी चाकणची;
उरलेला तुझा चहा गारच मी पितो.
सुटीचाही वार आहे आपला वेगळा;
तू झोपतेस तेव्हा मी यंत्रापाशी जागा;
उठतो तो शेजारची रिकामीच जागा;
संसार आहे की नुस्ता शिफ्टचा सापळा?

पण दोघांतले एक कुणी तरी जागे
असतेच रात्रंदिन, दाराला या नाही
कुलूप कधी लागले. अर्धा चहा खास
तू ठेवलास, उरला नव्हताच मागे.
तू निजताना मी जागा, मी निजता तूही;
दोघांत मिळून जागे चोवीसही तास.

आठव्या ओळीअखेर हात ठेवला, तर वाक्य असे होते: आमच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून आमचा संसार नावापुरताच आहे. नवव्या ओळीला 'पण' येतो. वाचकाला सगळ्यात आधी दिसणारी खूण तीच. पण, परी, तरी, मात्र, आता, अशा शब्दांवर नजर ठेवावी. दुसरी खूण यमकांची. 'मिनिटांची-चाकणची', 'जागा-जागा' या लगोलग मिटणाऱ्या जोड्या संपतात आणि 'जागे-नाही-खास' अशी उघडी मांडणी सुरू होते, तिच्यातल्या प्रत्येक ओळीचे यमक कानाला तीन ओळींनंतर भेटते. तिसरी खूण वाक्याच्या चालीची. अष्टकात जवळजवळ प्रत्येक ओळ स्वतःत पुरी होते. ती गाऱ्हाण्यांची यादी आहे आणि शेवटी प्रश्न आहे. षट्कात वाक्य ओळ ओलांडून पुढच्या ओळीत उतरते, कारण आता माणूस मोजत नाही, विचार करतो आहे. कर्ताही बदलतो. आधी 'तू' आणि 'मी' वेगवेगळे कर्ते होते, आता 'दोघांतले', 'दोघांत'.

या सगळ्या बाहेरच्या खुणा झाल्या. खरी कलाटणी पाहायची तर चहा पाहावा. चौथ्या ओळीतला चहा उरलेला, गार, म्हणजे उपेक्षेचा पुरावा. अकराव्या-बाराव्या ओळींत तोच कप मुद्दाम ठेवलेला निघतो. 'जागा' शब्दाचेही तसेच. सहाव्या ओळीत जागरण हे दुरावा आहे, तेराव्या ओळीत ते राखण झाले. षट्कात एकही नवी घटना घडत नाही. शिफ्ट बदलत नाही, सुटीचा वार एक होत नाही. वस्तुस्थिती तीच राहून तिचा अर्थ उलटतो, आणि पहिल्या वाक्यातल्या 'म्हणून'च्या पुढचा भाग कोसळतो.

म्हणूनच नुसत्या 'पण'वर विसंबून चालत नाही. नववी ओळ 'पण पगार वाढला, मोठे घर घेऊ' अशी असती, तर शब्द कलाटणीचा आणि काम दिलाशाचे झाले असते. गाऱ्हाणे खरेच राहते, त्यावर फक्त उपाय सुचतो, आणि अष्टक परत वाचले तर त्यातला चहा गारच असतो. ओळ 'आणि सणालाही तुला कधी सुटी नाही' अशी असती, तर ते अष्टकाचे नववे वाक्य ठरले असते. पाडलेल्या सुनीतांत हे दोन दोष फार आढळतात. कवी चौदा ओळी मोजतो, यमकेही बसवतो, आणि सहा ओळी आधीच्या आठांच्या शेपटासारख्या लोंबत राहतात. ओळखायची रीत सोपी आहे. षट्क वाचून झाल्यावर अष्टकावर परतावे. त्यातला एकही शब्द आता वेगळा ऐकू आला नाही, तर वळण झालेच नाही.

याउलट कधी नवव्या ओळीला 'पण' नसतोच आणि वळण असते. मिल्टनच्या अंधत्वावरच्या सुनीतात ते नवव्या ओळीची वाटच पाहत नाही, आठव्या ओळीच्या मध्यातच सुरू होते. अशा वेळी बोलणाऱ्याकडे लक्ष द्यावे. कवितेत एकदम दुसराच आवाज उत्तर देऊ लागला, काळ बदलला, प्रश्नांची विधाने झाली, किंवा 'ती'विषयी बोलणारा अचानक तिच्याशी बोलू लागला, तर सांधा तिथे शोधावा, ओळ कितवीही असो.

जागा बदलली की प्रेमाचा युक्तिवादही बदलतो. वरच्या सुनीताचे गाऱ्हाणे बारा ओळींपर्यंत ताणले आणि अर्ध्या चहाचे रहस्य शेवटच्या दोन ओळींत उघड केले, तर परिणाम झटका बसल्यासारखा होईल. नवरा इतका वेळ चुकत होता, एवढेच कळेल. गझलेच्या शेरात असाच झटका दोन मिसऱ्यांत बसतो आणि तिथे तो शोभतो. पण नवव्या ओळीला वळल्यामुळे त्या नवऱ्याला नव्या समजुतीत वावरायला सहा ओळी मिळतात. कुलूप आठवते, मग चहा, मग एकमेकांची झोप. बायकोचे प्रेम त्याला एका क्षणात सापडत नाही, तो ते एकेका वस्तूवरून ताडत जातो, आणि वाचकालाही त्याच क्रमाने ताडता येते.