दुखणे थांबले, तेव्हा

गळवावर पोटीस कसे बांधावे, हे आपल्याकडे मुद्दाम शिकवावे लागत नाही. थोरामोठ्यांना पाहून ते घरोघर येते. पण ते केव्हा सोडावे, हा विद्येचा उत्तरार्ध बहुतेक घरांतून हरवला आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३८ साली काढलेली सुश्रुतसंहिता वाचताना तो मला सतराव्या अध्यायात सापडला.

त्या अध्यायाचे नावच ‘आमपक्वैषणीय’, म्हणजे कच्चे-पिकले ओळखण्याचा. सुजेवरच्या उपायांत तिसरा उपाय पोटिसाचा आणि चौथा शस्त्राचा. कच्चे गळू कठीण असते, दुखणे बेताचे. पिकू लागले की मुंग्या चावल्यासारखे टोचते, ताप येतो, झोप जाते. आणि पूर्ण पिकले की ठणका शमतो, सूज ओसरते, कातडीला सुरकुत्या पडतात, बोट दाबले की खळगा पडतो.

वाचकहो, घात होतो तो याच ठिकाणी! ठणका शमला की घरचे म्हणतात, उतार पडला. सुश्रुत म्हणतो, पू झाला. आता शस्त्र हवे. कच्चे कापणारा आणि पिकल्यावर स्वस्थ बसणारा, दोघांनाही तो सारखाच दोष देतो.

पोटिसाची कृती साधी आहे. दोन मोठे चमचे कणीक, अर्धा चमचा हळद, चमचाभर तेल व थोडे पाणी मंद आचेवर शिऱ्यासारखे शिजवावे. मनगटाच्या आतल्या बाजूस लावून ऊन पाहावे. सोसेल इतकेच असावे. ते स्वच्छ फडक्याच्या घडीत घालून गळवावर ठेवावे. वर विस्तवावर मऊ केलेले केळीचे पान बांधले की ऊब व ओल टिकते. खरे काम त्या उबेचेच. निवले की सोडावे. दिवसातून तीनचारदा पुरे. फुटलेल्या गळवावर मात्र हे लावू नये, आणि गळू पिळू तर मुळीच नये.

आमच्या शेजारी मधुमेहाच्या एका गृहस्थांना पाठीवर गळू झाले. चार दिवस पोटीस झाले, पाचव्या दिवशी ठणका थांबला. घरात आनंद! पोटीस चालूच राहिले. सातव्या दिवशी हुडहुडी भरली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेले. आत वाटीभर पू निघाला, आणि जखम भरायला दीड महिना लागला. पाचव्या दिवशीच बोटाने दाबून पाहिले असते, तर खळगा दिसला असता.

मधुमेह असेल, गळू नाकावर वा वरच्या ओठावर असेल, ताप असेल किंवा गळवापासून तांबड्या रेघा निघाल्या असतील, तर पोटिसाची वाट पाहूच नये. एरवी बांधावे, पण रोज सोडताना नुसते दुखते का, एवढेच विचारू नये. बोटाने पाहावे.