अनेकहस्ते लिहिलेल्या माहितीपुस्तिकेतील काळ, निवेदक व आदरार्थ: रायगडाचे उदाहरण

ऐतिहासिक स्थळाची माहितीपुस्तिका एकट्या लेखकाच्या हातून उतरलेली असते असे क्वचितच घडते. इतिहासाचा भाग अध्यापकाकडे, वास्तूंचा भाग मोजणी करणाऱ्याकडे, गडदर्शनाचा भाग गड वारंवार चढलेल्या एखाद्या रसिकाकडे आणि प्रवासाची माहिती व्यवस्थापकाकडे, अशी वाटणी होते. मजकूर एकत्र आला म्हणजे सांधे दिसू लागतात. एका पानावर राजा गडावर ‘येतो’, तर पुढच्या पानावर तो ‘आले’ होतो. कोठे ‘आम्ही’ बोलतात, कोठे कोणीच बोलत नाही. वाचकाला एकदा ‘आपण’ म्हटले जाते आणि लगेच ‘तू’. हे सांधे बुजविणे हे संपादकाचे काम खरेच. परंतु ते निव्वळ व्याकरणाचे काम समजले गेले तर इतिहासाची हानी होते. लेखकांच्या भाषेतील विसंगती पुष्कळदा त्यांच्या साधनांतील विसंगती असते. क्रियापद बदलताना विधानाची खात्रीही नकळत बदलून जाते, आणि ती बदलली हे छापलेल्या पुस्तिकेवरून कोणासही कळत नाही.

निवेदकातील असा बदल हा इतिहाससंशोधकास पुरावा वाटत आला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचे कथन तृतीय पुरुषात चालले असता सोळाव्या अध्यायात एकाएकी ‘आम्ही’ असे होते. लेखक स्वतः त्या प्रवासात होता की त्याने दुसऱ्या कोणाचे प्रवासवृत्त वापरले, हा वाद त्या एका सर्वनामावरून दीर्घकाळ चालत आला आहे. एखाद्या व्यवस्थित संपादकाने ते ‘आम्ही’ प्रारंभीच काढून टाकले असते, तर वादही राहिला नसता आणि साधनाचा मागही राहिला नसता.

विवेचनासाठी रायगडावरील एका पुस्तिकेतील चार उतारे कल्पू. वाक्ये येथे मुद्दाम रचलेली आहेत; परंतु त्यांतील दोष प्रत्यक्षात आढळणारे आहेत. पहिला लेखक लिहितो: “१६५६ मध्ये शिवाजीने मोऱ्यांकडून रायरी घेतली. पुढे तो येथेच राजधानी करतो आणि १६७४ च्या जूनमध्ये त्याला राज्याभिषेक होतो.” दुसरा लिहितो: “आम्ही या दुहेरी ओळीतील जोत्यांची मोजणी केली. ही दालने दुकानांची नसून निवासाची असावीत, असे आम्हांस वाटते.” तिसरा लिहितो: “आपण नगारखान्यातून आत शिरलो की समोर महाराजांचे सिंहासनस्थान दिसते. खाली बाजारपेठेत लोक घोड्यावर बसूनच खरेदी करीत.” चौथा लिहितो: “महाड हे कुलाबा जिल्ह्यातील गाव गडास जवळचे आहे. दुपारच्या उन्हात चढू नकोस. पाणी बरोबर घ्यावे.”

प्रथम निवेदक ठरविला पाहिजे, कारण काळ आणि आदर ही दोन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. कोण बोलत आहे, कोणाशी आणि कोठे उभे राहून, हे निश्चित झाल्यावाचून ‘होता’ की ‘आहे’ या प्रश्नास उत्तर नाही. मराठीत या बाबतीत एक सोय आहे आणि तीच एक अडचणही आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो धरलेला असतो. म्हणून दुसऱ्या लेखकाचे ‘आम्ही’ आणि तिसऱ्याचे ‘आपण’ एकाच फटक्यात काढता येत नाहीत. तिसऱ्याचे ‘आपण’ म्हणजे लेखक आणि वाचक मिळून चाललेली वाट. संपूर्ण पुस्तिका त्रयस्थ निवेदनात घ्यावयाची ठरली, तर ते सुखाने जाते: “नगारखान्यातून आत गेल्यावर समोर सिंहासनाची जागा दिसते.” अर्थ काहीच गमावला नाही. दुसऱ्याचे ‘आम्ही’ मात्र साक्षीदाराचे आहे. ते काढून “ही दालने निवासाची होती” असे लिहिले, तर एका अभ्यासकाचे अनुमान सर्वमान्य सिद्धान्ताचा वेष घेऊन वाचकापुढे येते. सर्वनाम काढावयाचे असेल तर त्याची जबाबदारी नामाकडे गेली पाहिजे: “जोत्यांच्या मोजणीवरून ही दालने निवासाची असावीत असे प्रस्तुत पुस्तिकेच्या एका लेखकाचे मत आहे.” वाक्य थोडे जड झाले हे खरे, पण जडपणा येथे अचूकपणाचे मोल आहे.

तिसऱ्या प्रकारचे एक ‘आम्ही’ या उताऱ्यांत नाही, तरी अशा पुस्तिकांत हटकून येते: “१६८९ मध्ये हा गड आमच्या हातून गेला.” या ‘आम्ही’त लेखक तीन शतकांपूर्वीच्या पक्षात जाऊन बसतो. भाषणात ते शोभते. माहितीपुस्तिकेत मात्र “१६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला” एवढेच पुरे.

काळाविषयी संपादक सामान्यतः एक चूक करतात. ‘सर्वत्र भूतकाळ’ असा हुकूम देऊन ते मोकळे होतात. स्थळाच्या पुस्तिकेत एक काळ चालत नाही. तेथे तीन काळ स्वभावतःच असतात. घटनेचा काळ, वास्तूच्या आजच्या अस्तित्वाचा काळ आणि पाहणाऱ्याच्या वाटचालीचा काळ. राज्याभिषेक झाला, सिंहासनाची जागा आहे, पुढे गेल्यावर गंगासागर लागतो: ही तीन क्रियापदे तीन काळांची असूनही त्यांत विसंगती नाही. विसंगती तेव्हा होते, जेव्हा एकाच प्रकारचे विधान दोन काळांत येते. पहिल्या लेखकाने ‘घेतली’ म्हणून ‘करतो’ आणि ‘होतो’ म्हटले, हा खरा दोष. ऐतिहासिक वर्तमान हा कथनाचा अलंकार आहे. तो प्रसंग रंगविताना शोभतो, पण सनावळी सांगताना मध्येच आला की वाचकाची पकड सुटते.

चौथ्या लेखकाचा ‘आहे’ वेगळ्या कारणाने धोक्याचा आहे. तो वर्तमानकाळ त्याचा स्वतःचा नाही. तो जुन्या पुस्तकातून आला आहे. जेम्स कँबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांवरील खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र राज्याने काढलेली कुलाबा जिल्ह्याची सुधारलेली आवृत्ती १९६४ ची. अशा ग्रंथांत स्थलवर्णन वर्तमानकाळी असते, कारण त्यांच्या लेखकांपुढे ते स्थळ त्या वर्षी तसेच होते. वाक्य उतरून घेतले की त्याबरोबर त्या वर्षाचा वर्तमानकाळही येतो. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. तेव्हा ‘कुलाबा जिल्ह्यातील’ हे शब्द लेखकाने कोणत्या काळचे पुस्तक पुढे ठेवले होते याचा निर्देश करतात. नाव बदलले म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. ज्या उताऱ्यात एक शब्द जुना निघाला, त्यातील प्रत्येक ‘आहे’ संशयास्पद मानून तपासला पाहिजे: वाट, पाणी, मुक्काम, वस्ती. भाषेच्या दृष्टीने ही सर्व वाक्ये निर्दोष असल्यामुळे शैली तपासणाऱ्याच्या हातून ती निसटतात.

राहिला आदराचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात मराठी इतिहासग्रंथांत ‘शिवाजीने’ असा एकवचनी प्रयोग रूढ होता आणि त्यात अनादर मुळीच नव्हता. आज सामान्य वाचकाच्या पुस्तिकेत ‘शिवाजी महाराजांनी’ हेच अपेक्षित असते. अर्थात पहिल्या लेखकाचा एकवचनी प्रयोग हाही त्याच्या वाचनाचा ठसा होय. तो बदलताना नुसते नाव बदलून भागत नाही. ‘शिवाजीने रायरी घेतली’ याचे ‘शिवाजी महाराजांनी रायरी घेतली’ केले, तर क्रियापद जसेच्या तसे राहते, कारण ते ‘रायरी’चे अनुसरण करते. यावरून संपादकाची समजूत होते की काम नावापुरतेच आहे. पण ‘शिवाजी गडावर आला’ याचे ‘महाराज गडावर आले’ करावे लागते, आणि ‘तो’, ‘त्याने’, ‘त्याचा’ ही सर्व रूपे बदलावी लागतात. एखादे रूप दोन वाक्ये पुढे असले की ते राहून जाते, आणि मग ‘महाराजांनी’ असा आरंभ होऊन ‘त्याच्या’वर शेवट होतो. नावे शोधून हा दोष सापडत नाही. सर्वनामे शोधली तरच सापडतो.

याहून सूक्ष्म अडचण पुढची आहे. मूळ वाक्यात ‘मोऱ्यांकडून’ हे अनेकवचन होते आणि ‘तो’ हे एकवचन. त्यामुळे राजधानी कोणी केली याविषयी शंका नव्हती. आदरार्थी रूपांतरानंतर “शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून रायरी घेतली. पुढे त्यांनी येथेच राजधानी केली” असे झाले, आणि ‘त्यांनी’ म्हणजे मोरे की महाराज हे केवळ इतिहास जाणणाऱ्यालाच कळेल. आदराने अनेकवचन आणले की सर्वनामांची भेदकता कमी होते. म्हणून नाम पुन्हा लिहावे. सुधारलेला उतारा असा होईल: “१६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून रायरी घेतली. पुढे महाराजांनी येथेच राजधानी केली आणि ६ जून १६७४ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला.” येथे ‘छत्रपती’ हे पद १६५६ च्या वाक्यात घातलेले नाही, हेही सहेतुक आहे, आदराच्या भरात कालविपर्यास होऊ नये. राज्याभिषेकास हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाचा मजकूर भाषांतरून उद्धृत केला असेल, तर त्यातील पुरुष, काळ व आदर यांस हात लावू नये. अवतरणचिन्हांच्या आत संपादकाचा अधिकार चालत नाही.

वाचकाशी बोलताना मात्र एकच रीत धरावी. चौथ्या उताऱ्यातील ‘चढू नकोस’ आणि ‘घ्यावे’ यांचे “दुपारच्या उन्हात चढू नये, पाणी बरोबर घ्यावे” असे सहज होते, आणि हा विध्यर्थ त्रयस्थ निवेदनाशी जुळतोही.

तपासणीसाठी एक उपाय उपयोगी पडतो. संपूर्ण मजकुरातील मुख्य क्रियापदे समासात क्रमाने उतरून काढावीत आणि मजकूर झाकून केवळ तो स्तंभ वाचावा. घेतली, केली, झाला, दिसते, असावीत, करीत, आहे, चढू नये. अर्थाच्या ओघात जी उडी जाणवत नाही ती येथे लगेच डोळ्यांत भरते. प्रत्येक उडीपाशी एवढेच विचारावे की विधानाचा प्रकार बदलला म्हणून काळ बदलला, की लेखक बदलला म्हणून.

या स्तंभात ‘असावीत’ आणि ‘करीत’ शेजारी आले की खरा तंटा उघड होतो. दुसरा लेखक ज्या ओळीला निवासस्थाने म्हणतो, त्याच ओळीत तिसरा लोकांना घोड्यावरून खरेदी करावयास लावतो. हा शैलीचा भेद नव्हे. एकाचा आधार जोत्यांची मोजणी, दुसऱ्याचा लोकांत चालत आलेली आख्यायिका. दोन्ही क्रियापदे ‘होती’ केली तर पुस्तिका स्वतःशीच विसंगत होईल. एक वाक्य गाळले तर संपादकाने, अधिकार नसताना, निकाल दिल्यासारखे होईल. उताऱ्यास “या ओळीस बाजारपेठ म्हणतात, येथे घोड्यावरून खरेदी होत असे अशी आख्यायिका आहे” असे रूप देऊन, त्यापुढे मोजणीवरून काढलेले अनुमान ‘असावीत’सह ठेवावे, आणि दोन्ही लेखकांकडे हे पान संमतीसाठी परत पाठवावे.