उंबरठ्यावरील स्वागत : पाणी, टिळा आणि औक्षण

घरी आलेल्याचे दारात स्वागत करण्याच्या मराठी पद्धतीचे वर्णन आज बहुधा एकाच शब्दात केले जाते : औक्षण. शाळेच्या समारंभातील प्रमुख पाहुणे असोत, लग्नाला आलेले व्याही असोत किंवा परदेशाहून परतलेला मुलगा असो, तबकात निरांजन घेऊन ओवाळले की स्वागत झाले, असे समजतात. परंतु हा शब्द मुळात स्वागताचा नाही. आणि दाराशी घडणाऱ्या सगळ्या कृती एका अर्थाच्याही नाहीत. त्यांत निदान दोन निरनिराळे प्रवाह मिसळलेले आहेत. ते वेगळे कसे करता येतात आणि वेगळे केल्याने काय उमगते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. त्यासाठी जुन्नरचा परिसर सोयीचा आहे, कारण अतिथ्याच्या फार जुन्या पद्धतीची साक्ष तेथे दगडात उभी आहे.

जुन्नरच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या पलीकडे, लेण्याद्रीच्या डोंगरात सुमारे तीस लेणी आहेत. त्यांतील सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. अष्टविनायकांपैकी लेण्यांत वसलेले स्थान हे एकच. पण हे लेणे खोदले गेले ते देवळासाठी नव्हे. तो बौद्ध भिक्षूंचा विहार होय. सुमारे ५७ फूट खोल आणि ५१ फूट रुंद अशा या दालनात एकही खांब नाही. दोन्ही बाजूंस सात सात आणि मागील भिंतीत सहा, अशा वीस खोल्या त्याला आहेत. देवाची स्थापना मागील भिंतीतील मधल्या भागात झाली. म्हणजे आज भाविक ज्या दारातून दर्शनासाठी आत जातात, त्याच दारातून अठरा-एकोणीस शतकांपूर्वी प्रवास करून आलेला भिक्षू आत जात असे.

त्या भिक्षूचे स्वागत कसे करावे, याचे नियम पाली विनयपिटकात आहेत. चुल्लवग्गातील वत्तक्खन्धक या प्रकरणात ‘आगन्तुक’ म्हणजे येणारा आणि ‘आवासिक’ म्हणजे विहारात राहणारा अशा दोघांची कर्तव्ये दिली आहेत. येणाऱ्याने आत शिरण्यापूर्वी पायताण काढावे, छत्री उतरवावी, डोके उघडे करावे. तो वयाने, अर्थात भिक्षुपणाच्या वयाने, वडील असेल तर आवासिकाने आसन मांडावे. पाय धुण्याचे पाणी, पाय ठेवण्याचे पीठ आणि पाय पुसण्याचे साधन जवळ ठेवावे. सामोरे जाऊन त्याचे पात्र व चीवर हातात घ्यावे आणि पिण्याचे पाणी विचारावे. स्वागताची भाषा येथे संपूर्णपणे श्रमपरिहाराची आहे. ‘तू दुरून आलास, भागलास, आता ओझे खाली ठेव’ एवढेच ती सांगते. कपाळावर काही लावणे किंवा चेहऱ्याभोवती काही फिरवणे या नियमांत नाही.

ही भाषा केवळ संघाची होती असेही नाही. जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत इरिल नावाच्या यवनाने दोन ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, आणि चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. परक्या देशातून आलेल्या या माणसांनीही दान दिले ते पाण्याचे आणि अन्नाचे. वैदिक गृह्यसूत्रांकडे वळले तरी चित्र फारसे बदलत नाही. पारस्कर गृह्यसूत्रात अर्घ्य देण्यास योग्य असे सहा जण सांगितले आहेत : आचार्य, ऋत्विज, विवाहाच्या निमित्ताने आलेला वर, राजा, प्रिय व्यक्ती आणि स्नातक. त्यांना आसन, पाय धुण्यास पाणी, अर्घ्याचे पाणी, आचमनाचे पाणी आणि शेवटी मधुपर्क द्यावयाचा असतो. येथेही पाणी, आसन आणि गोड पदार्थ हाच क्रम आहे. मराठी घरात उन्हातून आलेल्यापुढे ठेवला जाणारा पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा हे या परंपरेचे सरळ वारस होत.

मग तबकातील दिवा आला कोठून ? दिवा किंवा अग्नी फिरवण्याचा विधी संस्कृत परंपरेत ‘नीराजन’ या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु त्याचे जुने उल्लेख अतिथीच्या प्रकरणात सापडत नाहीत. कौटिलीय अर्थशास्त्रात तो घोड्यांच्या व्यवस्थेत येतो : आश्विनाच्या नवव्या दिवशी अश्वांचे नीराजन करावे असे तेथे सांगितले आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू दिग्विजयास निघण्यापूर्वी हाच अश्वनीराजनाचा विधी होतो, आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. ज्याच्यावर राज्याची मदार आहे आणि जो संकटात पडण्याचा संभव आहे, त्याचे अरिष्ट टळावे हा त्यामागील हेतू. मराठीतील ‘निरांजन’ हा शब्द या ‘नीराजना’चाच अवशेष आहे, क्रियेचे नाव दिव्याला मिळाले.

‘औक्षण’ हा शब्दही त्याच दिशेने बोट दाखवतो. ‘उक्ष्’, शिंपडणे, या धातूशी त्याची सांगड घालण्याचा मोह होतो. पण औक्षणात शिंपडण्याची क्रिया नाही. उलट ‘औक्ष’ हे ‘आयुष्य’ या शब्दाचे बोलीतील रूप मराठीत रूढ आहे आणि ‘औक्षवंत हो’ हा आशीर्वाद आजही ऐकू येतो. तेव्हा औक्षण म्हणजे आयुष्य चिंतणे होय. त्यात येणाऱ्याच्या श्रमाची नव्हे, तर त्याच्या जिवाची काळजी आहे.

या काळजीची दुसरी बाजू ‘ओवाळणे’ या क्रियापदात जपली गेली आहे. औक्षण करताना आपण ओवाळतो; पण ‘ओवाळून टाकणे’ हा प्रयोग वेगळा आहे. एखाद्यावरून जीव ओवाळून टाकावा असे प्रेमाने म्हणतात. आणि वाया गेलेल्या माणसाला ‘ओवाळून टाकलेला’ म्हणतात. दोन्ही अर्थ एकाच समजुतीतून निघतात. जी वस्तू फिरवली ती त्या व्यक्तीवरची पीडा स्वतःवर घेते. म्हणून ती घरात ठेवण्याजोगी राहत नाही. औक्षणाच्या जोडीला मात्र ‘टाकणे’ हे क्रियापद कधीच येत नाही. भाषेने हा भेद कसोशीने पाळला आहे, आणि तोच कृती ओळखण्याची कसोटी म्हणून वापरता येतो : कृती संपल्यावर त्या वस्तूचे काय होते, ते पाहावे.

बाळंतीण माहेराहून तान्हे मूल घेऊन प्रथमच सासरी येते, त्या प्रसंगावर ही कसोटी लावून पाहू. जुन्नर-आंबेगावच्या मावळी भागात काय किंवा देशावर अन्यत्र काय, या प्रसंगाचा साचा मोठ्या प्रमाणात सारखा आहे. तिला उंबरठ्याबाहेर थांबवतात. घरातील स्त्री पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन येते. भाकरतुकडा आई आणि मूल यांच्यावरून ओवाळून बाहेर दूर टाकतात. मग पायांवर पाणी घालतात आणि ओल्या बोटांनी डोळ्यांना पाणी लावतात. नंतर हळदकुंकू लावतात, अक्षता लावतात. त्यानंतर तबकातील सुपारी आणि सोन्याची अंगठी यांनी ओवाळून शेवटी निरांजनाने औक्षण करतात, आणि उजवे पाऊल आधी टाकून ती आत येते.

आता वस्तूंची गती पाहा. भाकरतुकडा बाहेर गेला, तो परत येत नाही : त्याने वाटेत लागलेली दृष्ट नेली. पाणी वाहून गेले : त्याने धूळ आणि शीण नेला. कुंकू कपाळावर राहिले : येणारी या घराची झाली, ही खूण ती आपल्या अंगावर घेऊन आत जाते. सुपारी, सोने आणि दिवा हे तबकातून घरात परतले : टिकाऊ फळ, न गंजणारा धातू आणि तेवती ज्योत यांच्यासारखे आयुष्य तिला लाभावे, हे त्यांनी चिंतिले. क्रमही अर्थपूर्ण आहे. आधी काढून टाकणे, मग धुणे, मग खूण करणे, मग आयुष्य देणे. भाकरतुकडा निरांजनानंतर ओवाळला तर जाणती बाई लगेच टोकते. कारण दृष्ट अंगावर असताना दिलेले आयुष्य तिच्या हिशेबी व्यर्थ होय.

टिळ्याचा अर्थ या साखळीत पाहिला म्हणजे स्पष्ट होतो. ‘तिलक’ म्हणजे तिळाएवढी खूण, त्यावरून ‘टिळा’. तो लावल्यावर पुसावयाचा नसतो. राज्यावर बसणाऱ्याला, लग्न ठरलेल्या वराला आणि दारी आलेल्या पाहुण्याला टिळा लावण्यात समान भाग आहे तो नाते जाहीर करण्याचा. म्हणूनच एरव्ही रोज येणाऱ्या शेजाऱ्याला कोणी टिळा लावत नाही आणि औक्षणही करीत नाही. त्याला पाणीच देतात. औक्षण राखून ठेवलेले असते ते नववधू, बाळंतीण, भाऊबीजेचा भाऊ, दिवाळसणाचा जावई, यश मिळवून किंवा संकटातून आलेला माणूस यांच्यासाठी. ज्याची अवस्था पालटत आहे किंवा ज्याच्यावर नजर पडण्यासारखे काही घडले आहे, त्याच्यासाठी.

घराघरांत नळ आले, वाटा धुळीच्या राहिल्या नाहीत, तसे पायांवरचे पाणी समारंभापुरते उरले. मंगल कार्यालयांत भाकरतुकडाही अनेकदा गळतो. उरते ते टिळा आणि औक्षण. शब्दाचा अर्थ ‘आयुष्यचिंतन’ यावरून ‘स्वागत’ असा पालटला, त्याचे कारण हेच : शेजारच्या कृती गळून पडल्या आणि त्यांचा अर्थ उरलेल्या शब्दावर येऊन बसला.

हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा नाही. औक्षण सुवासिनीनेच करावे, विधवेने करू नये, हा दंडक पुष्कळ घरांत आजही पाळला जातो आणि तो ‘आपली स्वागताची परंपरा’ म्हणून सांगितला जातो. मुलाला वाढवणारी आई तो नोकरीला लागून घरी आला असता दारामागे उभी राहते आणि तबक दुसरीच्या हातात जाते. वरील पृथक्करणावरून दिसते की ही बंदी स्वागताची नाही. ती आयुष्यचिंतनाच्या प्रवाहातील आहे : जिच्या पतीचे आयुष्य टिकले नाही, तिने दुसऱ्याला आयुष्य कसे द्यावे, या समजुतीवर ती उभी आहे. त्याच घरात तीच स्त्री पाहुण्याला पाणी देते, जेवू घालते, आणि त्याला कोणाचाही आक्षेप नसतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. कपाळावरचे कुंकू राहिले, तरी तबक हातात येतेच असे नाही. तो प्रश्न प्रत्येक उंबरठ्यावर वेगळा सोडवावा लागतो.

तो सोडवताना परंपरेचा आधार कोणास हवाच असेल, तर तो लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आहे. त्या दालनात येणाऱ्याचे स्वागत ज्यांनी केले, त्यांना घर नव्हते, संसार नव्हता, सौभाग्यही नव्हते. त्यांनी पाणी पुढे केले, आसन मांडले आणि येणाऱ्याच्या हातातले ओझे आपल्या हातात घेतले.