जे मोजलंय त्याचा अंदाज कशाला?



आज थोडा वेगळा इतिहास. राजे-रजवाडे नाहीत, लढाया नाहीत. एका काटकसरीच्या कल्पनेची ही गोष्ट आहे. गणित आठवीच्या बीजगणितापेक्षा फार पुढे जाणार नाही, तेव्हा पान बंद करू नका.

कुठलंही यंत्र ताब्यात ठेवायचं तर त्याची ‘अवस्था’ कळावी लागते. रुळावरची एक छोटी ट्रॉली घ्या. ती कुठे आहे आणि किती वेगाने चालली आहे, या दोन गोष्टी कळल्या की तिची अवस्था कळली. पण मोजायचं साधन बहुधा एकाच गोष्टीचं असतं. समजा, आपल्याला स्थान कळतं, वेग कळत नाही. १९६० च्या सुमारास नियंत्रणशास्त्राची नवी सूत्रं ‘संपूर्ण अवस्था माहीत आहे’ असं गृहीत धरून चालत. प्रत्यक्षात ती माहीत नसे.

डेव्हिड लुएनबर्गर नावाच्या तरुणाने १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली आणि १९६४ मध्ये या अडचणीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं असं, की मूळ यंत्राशेजारी त्याची गणिती प्रतिकृती चालवा. यंत्राला दिलेला जोर तिलाही द्या, आणि मोजमापाशी ताडून तिला सुधारत राहा. ही प्रतिकृती म्हणजे ‘ऑब्झर्व्हर’, आपल्या भाषेत निरीक्षक. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती: जितकी मोजमापं जास्त, तितका निरीक्षक लहान. अवस्थेतल्या दोन गोष्टींपैकी एक मोजली जात असेल, तर निरीक्षकाने उरलेली एकच शोधावी. त्या काळी असली गणितं पुष्कळदा अ‍ॅनालॉग संगणकावर होत आणि प्रत्येक अंदाजासाठी एक वेगळा इंटिग्रेटर जोडावा लागे. एक अंदाज वाचला की एक मंडल वाचलं! पुढे १९७१ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या बी. गोपीनाथ यांनी अशा लहान निरीक्षकाची मांडणी अधिक सरळ करून दाखवली.

आता खरी मेख. वेगाचा अंदाज सुधारायचा तर तो खऱ्या वेगाशी ताडायला हवा, आणि तोच तर आपल्याकडे नाही. स्थान किती भरभर बदलतंय ते काढावं, तर मोजमापातली बारीक थरथर भलतीच मोठी होऊन बसते. यातून सुटका एका नव्या राशीने होते. तिला z म्हणू:

```
z' = -L·z - L²·y + u
v  = z + L·y
```

y म्हणजे मोजलेलं स्थान, u म्हणजे आपण दिलेलं त्वरण, z' म्हणजे z बदलण्याचा दर आणि v म्हणजे वेगाचा अंदाज. L आपण निवडायचा. वर कुठेही y च्या बदलाचा दर काढावा लागलेला नाही, तरीही अंदाजातली चूक आपोआप घटत जाते.

समजा L = २ धरला. ट्रॉलीचा खरा वेग सेकंदाला १०० सेंटीमीटर आहे आणि आपण सुरुवातीला शून्य धरला. एका सेकंदानंतर चूक साधारण साडेतेरा उरते, दोन सेकंदांनंतर दोनाहूनही कमी.

मग L भरपूर मोठा का घेऊ नये? कारण दुसऱ्या ओळीत y थेट येऊन बसला आहे. मोजमाप एक मिलिमीटर हललं, तर L = २ असताना अंदाज तत्क्षणी सेकंदाला दोन मिलिमीटर उडी घेतो; L = ५० असेल तर पाच सेंटीमीटर. उलट L लहान ठेवला तर दुसरा दोष येतो. रूळ किंचित उताराचे असून आपल्याला ते ठाऊक नसेल, आणि त्यामुळे १० सेंटीमीटर प्रतिसेकंद-वर्ग एवढं जादा त्वरण मिळत असेल, तर L = २ ला अंदाज कायम सेकंदाला ५ सेंटीमीटर कमीच राहतो. कितीही वेळ थांबा, ही चूक जात नाही.

पण मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटली ती तिसरी गोष्ट. पूर्ण निरीक्षक मोजलेल्या स्थानाचाही स्वतःचा अंदाज करतो. वरवर पाहता हे फुकटचं काम. पण त्यामुळे ‘मोजलेलं’ आणि ‘अपेक्षित’ यांतला फरक हाती येतो. मापक मध्येच अडकला तर हा फरक निदान काही क्षण तरी डोकं वर काढतो आणि कुणाला शंका घेता येते. लहान निरीक्षकाने मोजमाप प्रमाण मानलेलं असतं, त्यामुळे ताडून पाहायला तसा फरकच नसतो. जोर न लावता धावणाऱ्या ट्रॉलीचा मापक अडकला, तर हा निरीक्षक निमूटपणे वेग उतरवत नेतो आणि दोन-तीन सेकंदांत ट्रॉली थांबल्याचं सांगतो. ती मात्र धावतच असते!

म्हणून आजही निवड मोजमापावरच्या विश्वासाने ठरते. मापक स्वच्छ आणि खात्रीचा असेल तर लहान निरीक्षक चपळ आणि स्वस्त पडतो. मापक थरथरणारा किंवा दगा देणारा असेल, तर जे मोजलंय त्याचाही अंदाज करणं हा अपव्यय नव्हे, ती राखण आहे.

असो. काही शंका असल्यास जरूर लिहा.